नवरा-बायकोचा राग आणि मावळता सूर्य : संदेशानंतर पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न

कुटुंब सप्ताहात मी इफिसकरांस पत्रातल्या चौथ्या अध्यायाच्या २६ आणि २७ या वचनांवर संदेश दिला : "तुम्ही रागावा, परंतु पाप करू नका, तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये, आणि सैतानाला वाव देऊ नका." त्या दिवसापासून उपासना सुटल्यावर दाराशी, फोनवर, चिठ्ठ्यांमधून प्रश्न येत आहेत. बरेचसे तेच ते असतात, कारण घरोघरी अडचणही तीच आहे. म्हणून उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत. कोणाचीही ओळख पटेल असा तपशील ठेवलेला नाही.

१. पाळकसाहेब, राग येणं हेच पाप आहे का? विश्वासी माणसाला राग यावाच का?

राग येणे पाप नाही. पौल इथे ४ थ्या स्तोत्रातले चौथे वचन उचलतो. त्या स्तोत्रातल्या मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ थरथरणे, हादरणे असा आहे. जुन्या ग्रीक भाषांतराने तिथे "रागावा" असे केले आणि पौलाने तेच घेतले. मला हा मूळ अर्थ फार मोलाचा वाटतो, कारण राग आधी अंगात येतो. हात कापतात, कान तापतात, आवाज चढतो. तेवढ्याने पाप घडत नाही. प्रभू येशूनेही सभास्थानात लोकांच्या मनाचा कठोरपणा पाहून रागाने सभोवती पाहिले (मार्क ३:५), आणि त्याच वचनात तो खिन्न झाला असेही लिहिले आहे.

पाप कुठे सुरू होते ते इफिसकरांसच्या याच चौथ्या अध्यायातल्या ३१ व्या वचनात कळते : कटुत्व, संताप, क्रोध, गलबला, निंदा. या यादीचा क्रम नीट पाहा. सुरुवात मनात मुरलेल्या कडवटपणापासून आहे आणि शेवट तोंडावर. "तू पैसे न सांगता दिलेस" इथपर्यंत राग आहे. "तुमचं घराणंच तसलं" म्हटले की निंदा आली. राग घडलेल्या गोष्टीवरून माणसावर घसरला की समजा, हद्द ओलांडली गेली.

२. सूर्य मावळण्यापूर्वी म्हणजे भांडण त्याच रात्री मिटवायलाच हवं का? आम्ही रात्री दोनपर्यंत बोलत बसतो आणि आणखी बिघडतं.

सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. त्याचे उत्तर मी स्वतः उशिरा शिकलो. लग्नाच्या पहिल्या वर्षांत मी हेच वचन पुढे करून पत्नीला झोपू देत नसे. "वचन सांगतं, मिटवल्याशिवाय झोपायचं नाही," असे म्हणत मी तिला थकवून "बरं, माझं चुकलं" म्हणायला लावी. मिटत काहीच नसे. ती फक्त झोपेसाठी शरण येई. देवाच्या वचनाचा तो गैरवापर होता, आणि त्याबद्दल मी तिची क्षमा मागितली आहे.

पौल नियमशास्त्र शिकलेला यहुदी होता. सूर्यास्ताची मुदत त्याच्या कानाला अनुवादाच्या २४ व्या अध्यायातून ओळखीची असणार. तिथे ती दोनदा येते. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायची, कारण तो तिच्यावरच डोळे लावून बसलेला असतो. आणि गरिबाने पांघरूण गहाण ठेवले असेल तर ते सूर्यास्ताला परत करायचे, म्हणजे तो ते पांघरून निजेल. निर्गमच्या २२ व्या अध्यायात तर देवच विचारतो, की नाहीतर तो काय घेऊन निजेल?

इथे कर्ज फिटलेले नाही, हे लक्षात घ्या. हिशेब उद्याही बाकीच असतो. पण रात्र काढायला जे लागते ते अडकवून ठेवायचे नाही. नवरा-बायकोच्या भांडणात मी हे वचन असेच वाचतो. पैशाचा, सासरचा, मुलांच्या शाळेचा मुद्दा उद्यावर जाऊ शकतो. पण "हा माणूस मला सोडून तर जाणार नाही ना, मी याला नकोशी तर झाले नाही ना" ही धास्ती घेऊन समोरच्याला निजायला लावू नका. रागात आपण नेमके हेच पांघरूण काढून घेतो.

मूळ ग्रीकमध्येही या वाचनाला थोडा आधार मिळतो. "रागावा" याला एक शब्द आहे आणि सूर्य ज्यावर मावळू नये त्याला त्याच धातूचा दुसरा, डिवचले जाण्याची, चिडीची अवस्था सांगणारा शब्द आहे. तो अख्ख्या नव्या करारात या एकाच ठिकाणी येतो. संध्याकाळपर्यंत ही चीड खाली ठेवा, एवढी आज्ञा आहे. सगळे वाद रात्रीत निकाली काढा, असे तिथे म्हटलेले नाही.

३. मग झोपण्यापूर्वी नेमकं म्हणायचं तरी काय? रागात असताना गोड बोलवत नाही.

गोड बोलूच नका, खोटे होईल. २५ वे वचन खरे बोलायला सांगते आणि ते २६ च्या आधी आहे. झोपण्यापूर्वीच्या बोलण्यात तीन गोष्टी हव्यात : मी अजून रागावलो आहे, हे आपण अमुक वेळी बोलू, आणि मी कुठेही जात नाही. उदाहरणार्थ : "माझा राग गेलेला नाही. उद्या चहानंतर बोलू. पण आपलं काही तुटलेलं नाही."

वेळ ठरवताना "नंतर बघू" चालत नाही. "नंतर" म्हणजे "कधीच नाही" हे घरातल्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असते. ठरलेल्या वेळी विषय काढण्याची जबाबदारी ज्याने पुढे ढकलला त्याची. ज्यांना शब्द फुटत नाहीत त्यांनी पाण्याचा तांब्या उशाशी ठेवावा, चादर अंगावर घालावी. पण वेळ मात्र तोंडाने सांगावी.

४. राग आल्यावर थांबायचं म्हणता, पण किती वेळ? आमचे हे तर भांडण निघालं की चप्पल घालून बाहेरच पडतात. त्यालाच थांबणं म्हणायचं का?

नाही. थांबणे आणि निघून जाणे यांत परतीची वेळ सांगण्याचा फरक आहे.

किती वेळ, याला शरीराचे उत्तर आहे. अमेरिकेत सिअॅटलला जॉन गॉटमन या मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांना वाद घालायला बसवून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. ठोके मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणसाला समोरच्याचे नीट ऐकू येत नाही, नवीन विचार सुचत नाही. तो तेच वाक्य मोठ्याने म्हणत राहतो. शरीर निवायला किमान वीस मिनिटे लागतात. एका प्रयोगात यंत्र बिघडल्याचे निमित्त करून वाद मध्येच थांबवला आणि जोडप्यांना अर्धा तास मासिके चाळायला दिली. पुन्हा बोलायला बसली तेव्हा ठोके उतरले होते आणि बोलणेही सुधारले होते.

म्हणून अर्धा तास धरा. "मला आता नीट बोलता येत नाही, साडेनऊला परत बसू," असे सांगून उठा. त्या अर्ध्या तासात मनातल्या मनात उत्तरे घोळवत बसलात तर राग उतरत नाही, उलट मुरतो. अशा वेळी हाताला काम हवे : भांडी घासा, लसूण सोला, मुलाची वही तपासा, जिना चढून-उतरून या. याकोब "ऐकावयास तत्पर, बोलावयास सावकाश, रागास मंद" असा क्रम देतो (१:१९). मधली पायरी पार करायला हा अर्धा तास लागतो.

आणि साडेनऊ म्हणजे साडेनऊच. एकदा जरी परत आला नाहीत, तरी पुढच्या वेळी तुमचे उठणे पळून जाणेच वाटेल, आणि ते रास्तच असेल.

५. एखादं खरं उदाहरण द्या ना. ऐकताना सगळं पटतं, घरी गेल्यावर काहीच सुचत नाही.

एका जोडप्याने आपली गोष्ट सांगायला परवानगी दिली आहे, तपशील थोडे बदलले आहेत. तो कारखान्यात पहिल्या पाळीला, ती रुग्णालयात परिचारिका. रात्री पावणेअकराला तिने त्याच्या मोबाइलवर बँकेचा संदेश पाहिला : धाकट्या भावाला १५ हजार रुपये पाठवलेले. मुलीची फी दहा तारखेला भरायची होती.

पहिल्या वेळी ती म्हणाली, "तुमच्या घरच्यांचं पोट कधी भरणार आहे का?" तो म्हणाला, "तुझ्या बापाने लग्नात काय दिलं ते काढू का?" पाच मिनिटांत १५ हजार बाजूला राहिले आणि नऊ वर्षांपूर्वीचा मानपान निघाला. तो बाहेरच्या खोलीत झोपला. तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी मुलीच्या तापामुळे बोलणे सुरू झाले, पण पैशाचा विषय तसाच राहिला.

त्यानंतर दोघे माझ्याकडे आले. आम्ही फक्त दोन गोष्टी ठरवल्या : पहिले वाक्य "मला" पासून सुरू करायचे, आणि झोपण्यापूर्वी प्रश्न ३ मधले बोलणे चुकवायचे नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा तसेच झाले, या वेळी सहा हजार. ती म्हणाली, "अहो, मला न सांगता पैसे गेले की मला धडकी भरते. फीचं कसं होणार, तेच डोक्यात येतं." त्याचे कान तापलेच. पण तो म्हणाला, "आता बोललो तर तोंडातून वाईट निघेल. अर्ध्या तासाने बसू." त्याने ओटा धुतला. सव्वाअकराला बसले, तरी जमेना. भाऊ म्हटला की त्याचा आवाज चढायचा. शेवटी तो म्हणाला, "मी अजून चिडलोय. उद्या साडेसहाला कागद घेऊन बसू. पण तू एकटी नाहीस यात." ती म्हणते, त्या रात्री तिला झोप लागली.

दुसऱ्या दिवशी कागदावर पगार, फी, हप्ता आणि भावाचे मागणे मांडले. ठरले असे : दोन हजारांपुढे कोणालाही द्यायचे असतील तर आधी एकमेकांना सांगायचे, आणि हा नियम तिच्या माहेरालाही लागू. सगळे सुटले का? नाही. आपल्यापेक्षा भाऊ त्याला जवळचा आहे, हे शल्य तिच्या मनात अजून आहे आणि त्यावर ते अजून बोलतात. पण मुलीच्या लग्नापर्यंत पुरेल इतका जुना मानपान आता दर भांडणात निघत नाही.

६. "मृदू उत्तराने कोपाचे निवारण होते" म्हणजे दर वेळी बाईनेच नमतं घ्यायचं का?

नीतिसूत्रे १५:१ मध्ये बाई किंवा पुरुष असे काहीच म्हटलेले नाही. आणि मृदू उत्तरात होकार असतोच असे नाही. "हे मला मान्य नाही" हेही मऊ आवाजात सांगता येते. गिदोनाकडे एफ्राइमी लोक तावातावाने भांडायला आले तेव्हा (शास्ते ८) त्याने त्यांच्या कामगिरीचे मोठेपण मान्य केले आणि त्यांचा राग ओसरला. तो सेनापती होता, विजयी होता. मऊ बोलल्याने तो लहान झाला नाही.

व्यवहारात सगळा भार पहिल्या वाक्यावर असतो. "तुम्ही नेहमी", "तू कधीच" यांनी सुरुवात झाली की पुढचे सगळे त्या "नेहमी"चा हिशेब चुकवण्यात जाते. नीतिसूत्रे १७:१४ भांडणाच्या आरंभाची तुलना पाणी फोडून देण्याशी करते. शेतात पाट फुटलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, चिखलाचा गोळा पहिल्या क्षणीच लावावा लागतो.

७. आम्ही भांडत नाही, ओरडत नाही. मी फक्त बोलणं बंद करते. यात तरी पाप नाही ना?

तुमचा आवाज चढत नाही हे चांगले आहे. पण तीन दिवस ताट पुढे सरकवून तोंड फिरवणे हेही पांघरूण काढून घेणेच आहे (प्रश्न २). प्रश्न १ मधल्या यादीतला पहिला शब्द कटुत्व आहे, आणि ते गप्प राहूनच मुरते.

मात्र गप्प बसणाऱ्याला मी लगेच दोषी धरत नाही. बऱ्याचदा बोलले की ऐकले जात नाही, चेष्टा होते किंवा वचने तोंडावर फेकली जातात, म्हणून माणूस गप्प होतो. तुमच्याकडे असे असेल तर जोडीदाराला एवढे लिहून द्या : "मी गप्प आहे कारण बोलले की तुम्ही मध्येच तोडता. दहा मिनिटं न तोडता ऐकणार असाल तर बोलते."

८. आमचं घर एका खोलीचं. सासूबाई, मुलं सगळी तिथेच. भांडायचं कुठे?

बाहेर. दळण आणायला, भाजीला, मंडळीच्या आवारात, जिथे दोघे शेजारी चालू शकाल तिथे. चालताना एकमेकांचे डोळे सतत समोर नसतात, त्यानेही बोलणे सोपे जाते. मुलांनी भांडण ऐकलेच असेल तर मिटल्याचेही त्यांना दिसू द्या. बंद दाराआड झालेला समेट त्यांना कळत नाही.

९. मिस्टर बोटीवर असतात. आमचा सूर्य एका वेळी मावळत नाही. फोनवर भांडण झालं की काय करायचं?

टंकलेल्या संदेशावर भांडू नका. लिहिलेल्यात आवाज नसतो, आणि वाचणारा तो आपल्या रागाच्या आवाजात वाचतो. नेटवर्क तुटेल हे गृहीत धरून प्रश्न ३ मधले वाक्य फोनच्या सुरुवातीलाच म्हणा, शेवटासाठी राखू नका. फोन अर्ध्यावर तुटला तर तेवढेच ध्वनिमुद्रित करून पाठवा. ज्याची रात्र आधी होणार, त्याची झोप आधी सांभाळायची.

१०. क्षमा केली, प्रार्थनाही केली, तरी तेच भांडण दर महिन्याला होतं. माझी क्षमा खोटी आहे का?

बहुधा क्षमा खरी असते, बोलणी अपुरी राहिलेली असतात. क्षमा म्हणजे मी सूड घेणार नाही. पुढच्या वेळी काय वेगळे करायचे, ते त्याने ठरत नाही. प्रश्न ५ मधल्या जोडप्याने पहिल्यांदा क्षमा केलीच होती. दोन हजारांचा नियम मात्र नव्हता.

काही मतभेद स्वभावाचे असतात आणि ते आयुष्यभर टिकतात. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आठवणींत ना. वा. टिळकांचा तापट स्वभाव लपवलेला नाही, आणि तो निघून गेला असेही लिहिलेले नाही. अशा मतभेदांसाठी आठवड्यातला एक ठरलेला वेळ ठेवा, रविवारच्या जेवणानंतर वीस मिनिटे. तक्रार तोवर कागदावर लिहून ठेवा. निम्म्या तक्रारी रविवारपर्यंत उरत नाहीत. ज्या उरतात त्याच बोलण्याजोग्या असतात.

११. भांडण पेटलं की नवरा "स्त्रियांनो, आपापल्या पतीच्या अधीन असा" हे वचन काढतो. मी काय उत्तर देऊ?

तुम्ही उत्तर देऊ नका, त्यांना माझ्याकडे पाठवा. इफिसकरांस ५:२२ च्या आधी २१ आहे, तिथे "एकमेकांच्या अधीन असा" म्हटले आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत २२ व्या वचनाला स्वतःचे क्रियापदच नाही. ते २१ मधून घ्यावे लागते. पुढे पतीला सांगितले आहे ते ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तसे देणे. कलस्सैकरांस ३:१९ तर पतींना थेट बजावते, की पत्नीशी निष्ठुरतेने वागू नका. प्रत्येकाने आपल्याला उद्देशून लिहिलेले वचन पाळावे. दुसऱ्याला लिहिलेले पत्र फोडून त्याला धमकावायला ते दिलेले नाही.

१२. ते हात उचलतात. मंडळीतल्या बायका म्हणतात, सूर्य मावळण्याआधी क्षमा कर आणि प्रार्थना करत राहा. मी काय करू?

ताई, वर लिहिलेले काहीही तुम्हाला लागू नाही. अर्धा तास थांबणे, मऊ उत्तर, झोपण्यापूर्वीचे वाक्य, हे सगळे दोन सुरक्षित माणसांसाठी आहे. मारहाणीत प्रश्न तुमच्या रागाचा नसतो. आधी सुरक्षित जागी जा. नीतिसूत्रे २२:३ म्हणते, चतुर माणूस अरिष्ट येताना पाहून लपतो. दावीदही शौलाच्या भाल्यापासून पळाला आणि देवाने त्याला दोष दिला नाही.

तातडीला ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीबरोबर शिवीगाळ, धमक्या आणि पैसे अडवणेही येते. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते, तुमच्या वतीने दुसऱ्या कोणालाही माहिती देता येते. घर तुमच्या नावावर नसले तरी त्यात राहण्याचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. जखमा असतील तर सरकारी रुग्णालयात नोंद करून घ्या.

क्षमा तुमच्या आणि देवाच्या वेळेने होईल. ती केली तरी परत त्या घरात जाणे बंधनकारक होत नाही. आणि ज्या भगिनींनी तसा सल्ला दिला त्यांना मी हे बोलून दाखवणार आहे, तुमचे नाव न घेता.

१३. ते पिऊन आले की वाद होतो. तेव्हा समजावून सांगू का?

नाही. प्यायलेल्या माणसाशी त्या रात्री मुद्दा काढू नका, कितीही खरा असला तरी. जेवण, झोप, आणि बोलणे दुसऱ्या दिवशी शुद्धीवर असताना. हे आठवड्याचे झाले असेल तर ते व्यसन आहे, त्याला उपचार लागतात. हात उठत असेल तर प्रश्न १२.

१४. सकाळी भांडलो आणि त्याच रविवारी प्रभुभोजन होतं. मी मागे बसून राहिले. बरोबर केलं का?

तुमचे मन हळवे आहे म्हणून तुम्ही मागे राहिलात. पण मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू अर्पण तिथेच वेदीपुढे ठेवायला, आधी जाऊन समेट करायला, आणि मग येऊन अर्पण करायला सांगतो. परत येणे त्यात आहे. पहिले पेत्र ३:७ हे पतींना सांगते, की पत्नीला मान दिला नाही तर प्रार्थनांत व्यत्यय येतो. म्हणजे मागे बसण्याचा विचार आधी त्यांनी करायला हवा होता.

पुढच्या वेळी बाकावरून उठा, त्यांच्या शेजारी जा आणि हळूच सांगा, "घरी गेल्यावर जेवणानंतर बोलू." त्यांनी मान हलवली की दोघे मिळून पुढे या. मी थांबेन.